कोळंबीच्या अर्कातील फॉस्फटेज: एकाच बिंदूने ओढलेली रेषा

प्रश्न: मिरकरवाड्याहून आणलेल्या कोळंबीच्या डोक्यांचा अर्क काढून त्यातल्या अल्कलाइन फॉस्फटेजवर काम करते आहे. पॅरानायट्रोफेनिल फॉस्फेटच्या 0.1, 0.2, 0.5, 1, 2 आणि 4 मिलिमोलर संहतींना वेग अनुक्रमे 8, 17, 30.5, 39.5, 48.5 आणि 53 (मायक्रोमोलर प्रति मिनिट) मिळाले. अभिक्रिया 1 मिलीची, थांबवायला 1 मिली सोडियम हायड्रॉक्साइड. सगळ्या नळ्या एक मिनिट ठेवल्या, फक्त 0.1 ची पाच मिनिटे, कारण रंग फारच फिका होता. व्यस्त आलेखात R² 0.99 आहे, Vmax 75 आणि Km 0.8 येतो. मैत्रिणीने त्याच अर्कावर 0.2 पासून सुरुवात केली, तिला 60 आणि 0.5 मिळाले. चूक कोणाची?

उत्तर: तुमची आकडेमोड बरोबर आहे, परंतु विश्वास मैत्रिणीच्या उत्तरावर ठेवावा लागेल. तुम्ही आकडे पूर्ण दिलेत म्हणून कारणही नेमके सांगता येते.

1/S समोर 1/v मांडलेल्या या व्यस्त आलेखाचे समीकरण असे आहे. त्यात v म्हणजे वेग, S म्हणजे सब्स्ट्रेटची, इथे पॅरानायट्रोफेनिल फॉस्फेटची, संहती, Vmax म्हणजे कमाल वेग आणि Km म्हणजे त्याच्या निम्मा वेग देणारी संहती:

```
1/v = (Km/Vmax)·(1/S) + 1/Vmax
```

उभ्या अक्षावरचा छेद 1/Vmax आणि उतार Km/Vmax, म्हणून उताराला छेदाने भागले की Km मिळतो. तुमच्या सहाही बिंदूंमधून साधी लघुतम वर्ग रेषा काढल्यास उतार 0.01075 आणि छेद 0.01333 येतो, म्हणजे Vmax 75 आणि Km 0.81. आता 0.1 चा एकच बिंदू वगळून उरलेल्या पाचांतून रेषा काढा. उतार 0.00842 आणि छेद 0.01655 होतो, म्हणजे Vmax 60.4 आणि Km 0.51. एका बिंदूच्या असण्यानसण्याने Km दीडपटीहून अधिक बदलतो, याचा अर्थ ती रेषा सहा बिंदूंची नसून बहुतांशी त्या एकाचीच आहे.

असे होण्याचे कारण आलेखाच्या रचनेतच आहे. आडव्या अक्षावर तुमचे चार बिंदू 0 ते 2 एवढ्याशा जागेत गर्दी करून बसतात, पाचवा 5 वर जातो आणि 0.1 मिलिमोलरचा बिंदू थेट 10 वर, पहारीच्या दूरच्या टोकाला असावा तसा एकटा बसतो. त्यातच वेगाचा व्यस्त घेतला की चूक वेगाच्या वर्गाने भागली जाते. त्यामुळे 10 ऐवजी 8 मोजले, तर 1/v मध्ये 0.025 चा फरक पडतो, परंतु 55 ऐवजी 53 मोजले, म्हणजे तितकीच चूक केली, तर फरक 0.0007 एवढाच राहतो. चूक तीच असूनही व्यस्त आलेखात ती सुमारे छत्तीसपट दिसते, आणि तीही नेमकी ज्या टोकाला रेषा सर्वांत सहज हलते त्या टोकाला.

R² ने ही गोष्ट तुमच्यापासून लपवली. दूरचा एकटा बिंदू रेषेला स्वतःजवळ ओढून घेतो आणि मग रेषा त्याच्याजवळून जाते म्हणून R² चांगला दिसतो. माझ्या मते या आलेखाखाली R² छापण्याची प्रथाच बंद व्हावी. त्याऐवजी रेषेवरून उलटा हिशेब करून मूळ वेग काढून पाहावेत. तुमच्या रेषेप्रमाणे 4 मिलिमोलरला वेग 62.5 यायला हवा, तुम्ही मोजला 53. त्या नळीतला रंग गडद असल्यामुळे ते तुमचे सर्वांत भरवशाचे मोजमाप होते आणि रेषा नेमकी तिथेच साडेनऊ एककांनी चुकते. हे पाहिल्यावर संशयाला जागा उरत नाही.

आता 0.1 ला वेग कमी का आला, ते पाहू. पाच मिनिटांत 8 च्या वेगाने 40 मायक्रोमोलर उत्पादन झाले. नळीत मुळात सब्स्ट्रेट होते 100 मायक्रोमोलर, म्हणजे चाळीस टक्के संपून गेले. सब्स्ट्रेट घटत गेले तसा वेगही मंदावला आणि तुम्ही पाच मिनिटांची सरासरी मोजलीत, तर समीकरणातला v आरंभीचा वेग असतो. मी Vmax 60 आणि Km 0.5 धरून पाच मिनिटांचा हिशेब केला, तेव्हा सरासरी वेग 8.1 आला. म्हणजे तुमचे मोजमाप प्रामाणिक आहे, फक्त ते वेगळ्या राशीचे आहे. सब्स्ट्रेट सुमारे दहा टक्क्यांहून अधिक संपू देऊ नये, या साध्या मर्यादेत 0.1 ला एक मिनिट कसेबसे बसते.

मात्र एक मिनिट ठेवल्यास रंग फिका येतो ही तुमची अडचण खरी आहे. त्याचे मूळ अर्ध्याने पातळ करण्यात आहे. 1 मिलीच्या अभिक्रियेत 1 मिली अल्कली घातल्यामुळे 10 मायक्रोमोलरचे 5 झाले, आणि 405 नॅनोमीटरला पॅरानायट्रोफेनॉल या पिवळ्या उत्पादनाचा शोषणगुणांक सुमारे 18,000 धरला तर वाचन 0.09 येते. अर्क न घातलेल्या कोऱ्या नळीचे वाचन 0.02 ने इकडेतिकडे झाले तरी वेगात बावीस टक्क्यांच्या आसपास चूक शिरते. तीच अल्कली दहापट तीव्र करून 0.1 मिलीच घातली, तर हा तोटा जवळजवळ नाहीसा होतो. कोरी नळी प्रत्येक संहतीला वेगळी ठेवावी, कारण सब्स्ट्रेट स्वतःहूनही थोडे पिवळे होते.

बिंदू वगळण्याची सवय मात्र लावून घेऊ नका, नाहीतर उद्या नको तो बिंदू गाळण्याचा मोह होईल. सर्व मोजमापांची चूक साधारण सारखीच असेल, तर व्यस्त रेषेतील प्रत्येक बिंदूला v⁴ इतके वजन द्यावे. तुमच्या सहाही बिंदूंना तसे वजन दिले, तर 0.1 च्या बिंदूचे वजन 4 मिलिमोलरच्या बिंदूच्या सुमारे 1/1900 उरते आणि Vmax 60.2, Km 0.51 येतो. वजनाचा विचार ही अलीकडची दुरुस्ती नव्हे, लाइनवीव्हर आणि बर्क यांच्या 1934 च्या लेखनातही तो होता. हाताने रेषा काढण्याच्या घाईत पुढच्यांनी तो सोडून दिला.

त्याहून सरळ मार्ग म्हणजे व्यस्त न घेता वक्रच थेट बसवणे. R मध्ये ते दोनतीन ओळींचे काम आहे:

```
S <- c(0.1, 0.2, 0.5, 1, 2, 4)
v <- c(8, 17, 30.5, 39.5, 48.5, 53)
nls(v ~ Vm*S/(Km+S), start=list(Vm=75, Km=0.8))
```

सुरुवातीचे अंदाज म्हणून तुमच्याच आलेखाची उत्तरे दिली आहेत, एवढ्यापुरता तो आलेख उपयोगी पडतो. उत्तर Vmax 60.5 आणि Km 0.52 च्या आसपास येते. मार्गदर्शकांना व्यस्त आलेख हवाच असेल, तर या दोन आकड्यांवरून रेषा काढून त्यावर सहाही बिंदू मांडा आणि 0.1 चा बिंदू रेषेच्या वर का आहे, हे तळटीपेत लिहा.

त्याआधी 0.1 ची नळी एकदा पुन्हा लावा: बर्फात ठेवलेला तोच अर्क, एक मिनिट, 0.1 मिली तीव्र अल्कली. माझा हिशेब बरोबर असेल, तर कोऱ्या नळीचे वजा केल्यावर वाचन 0.16 च्या जवळ येईल. ते 0.13 वरच अडले, तर सब्स्ट्रेट संपण्याचे माझे कारण चुकीचे ठरेल आणि मग पहिला संशय पातळ केलेल्या सब्स्ट्रेटच्या द्रावणावर घ्यावा.