अँटिबायोटिक का थांबवलं: घरच्यांना पत्र कसं लिहावं

प्रश्न: वॉर्डात न्यूमोनियाच्या 58 वर्षांच्या बाईंना अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिडचं पहिलंच इंजेक्शन देताना ॲनाफिलॅक्सिस झाला. औषध बंद केलं, आता त्या बऱ्या आहेत. मुलगा म्हणतो, "मागच्या वर्षी दाताला याच गोळ्या घेतल्या होत्या, काही झालं नव्हतं. मग आता कसं झालं? आणि औषधच बंद केलं तर निमोनिया कसा बरा होणार?" सरांनी पत्र लिहायला सांगितलंय. काय लिहू?

उत्तर: मुलाने विचारलेले दोन प्रश्न हाच तुमच्या पत्राचा गाभा. पण सुरुवात घटनेपासून करा, आणि वेळा लिहा. घरचे बाहेर बसलेले असतात. आत धावपळ झाली एवढंच त्यांना दिसतं, उरलेलं ते मनाने भरतात. मी साधारण असं लिहीन (वेळा आणि आकडे तुमच्या नोंदीतले घाला):

"सकाळी 8:10 ला इंजेक्शन सुरू केलं. सातेक मिनिटांत आईंच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि रक्तदाब 78/46 पर्यंत उतरला. औषध त्याच क्षणी थांबवून मांडीच्या स्नायूत 0.5 मिलिग्रॅम ॲड्रेनालिन दिलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेवढंच द्यावं लागलं. सोबत ऑक्सिजन आणि शिरेतून सलाइन दिलं. 8:40 ला रक्तदाब 112/70 होता."

'घरघर' हा शब्द मात्र टाळा. मी एकदा लिहिला होता. रुग्ण ठणठणीत घरी गेला, पण त्याच्या बायकोने तो शब्द वाचून रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही.

आता मागच्या वर्षीच्या गोळ्या. लोकांना वाटतं, एकदा पचलं ते कायम पचतं. ॲलर्जीत बरेचदा उलट होतं. आधीच्या वेळी शरीर त्या औषधाला ओळखून त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करतं, तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. पुढच्या वेळी औषध आलं की ती प्रतिपिंडं काही मिनिटांत हिस्टामिनसारखी द्रव्यं सोडायला लावतात. पत्रात एवढंच पुरे: "त्या वेळी त्रास झाला नाही, पण बहुधा शरीर तेव्हाच या औषधाबाबत सावध झालं असावं. हे आधी ओळखता येईल असं कोणतंही लक्षण तेव्हा नव्हतं." हे लिहिताना आपण स्वतःचा बचाव करतोय असा सूर लागू देऊ नका. आणि दाखल करताना ॲलर्जीची विचारणा झाली होती की नाही, ते फाइलमध्ये असेल तसंच लिहा. झाली नसेल तर तेही.

दुसऱ्या प्रश्नाला थेट भिडा. हेच औषध कमी डोसात किंवा हळू का दिलं नाही, असं विचारतीलच. अशा ॲलर्जीत थोडंसं औषधही पुन्हा तोच प्रकार घडवू शकतं, म्हणून ते बंदच. न्यूमोनियाचा उपचार मात्र थांबलेला नाही. दुसऱ्या गटातलं कोणतं औषध, कधी सुरू केलं आणि किती दिवस चालेल, हे नावानिशी लिहा. तुम्ही लेव्होफ्लॉक्सासिन दिलं असेल, तर त्याचा पेनिसिलिनशी रासायनिक संबंध नाही हे एक वाक्य घाला. बरं वाटत असूनही त्यांना देखरेखीखाली का ठेवलंय तेही सांगा: औषध पुन्हा न देताही काही तासांनी लक्षणं उलटू शकतात.

बहुतेक पत्रांत चुकतो तो शेवटचा भाग. "अँटिबायोटिकची ॲलर्जी" असं लिहून मोकळे होतात, आणि पुढे प्रत्येक डॉक्टर बिचकून भलतंच औषध निवडतो. इथे तर इंजेक्शनमध्ये दोन घटक होते. दोष बहुधा अमॉक्सिसिलिनचा, पण काही जणांना फक्त क्लॅव्युलॅनिक ॲसिडच सोसत नाही. म्हणून दोन्ही नावं लिहा. चाचणी होईपर्यंत पेनिसिलिन गटातलं काहीही, म्हणजे अँपिसिलिन, पिपरासिलिनसुद्धा, घ्यायचं नाही. सेफॅलेक्सिन आणि सेफाड्रॉक्सिलही टाळायला सांगा, कारण त्यांच्या रेणूची बाजूची साखळी अमॉक्सिसिलिनशी मिळतीजुळती आहे. बाकीच्या सगळ्या सेफॅलोस्पोरिनवर फुली मारू नका. ती द्यायची की नाही, हे त्या वेळचा डॉक्टर बघेल.

चाचणी 4 ते 6 आठवड्यांनी, ॲलर्जीतज्ज्ञाकडे. लगेच केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. हा शिक्का जन्मभराचा असेलच असं नाही, तेही लिहा: पेनिसिलिनची अशी ॲलर्जी असलेल्या सुमारे 80 टक्के लोकांत ती दहा वर्षांत मावळते. पण ती मावळली का, हे घरी गोळी घेऊन बघायचं नाही. हे वाक्य ठळक अक्षरात.

पत्राची एक प्रत फाइलला लावा. मुलाच्या हाती देताना पाच मिनिटं बसून वाचून दाखवा, आणि औषधाची नावं त्याच्याकडून एकदा म्हणून घ्या. दुकानात वेष्टनावर ब्रँडचं नाव मोठं असतं आणि घटक बारीक अक्षरात. तिथे नेमकं काय वाचायचं, ते त्याला दाखवा.