प्रमाणन, सत्यापन, मूल्यांकन : पाठांतर असूनही गुण का जातात?

"मॅडम, मी टी.वाय.बी.कॉम.ला आहे. ऑडिटमधल्या व्हाउचिंग, व्हेरिफिकेशन आणि व्हॅल्युएशनच्या व्याख्या मला पाठ आहेत. उत्तर पानभर लिहिते, तरी पाचपैकी दोनच गुण पडतात. पुस्तकात तर व्हॅल्युएशन हा व्हेरिफिकेशनचाच भाग आहे असे दिले आहे. मग फरक लिहायचा तरी कसा?"

अंकेक्षण शिकवताना आणि महाविद्यालयाच्या समुपदेशन कक्षात बसताना ही तक्रार मी वारंवार ऐकते. तिचे उत्तर एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून देते, कारण तिची उत्तरपत्रिका समोर ठेवून आम्ही हा गुंता शेवटपर्यंत सोडवला होता.

तिने लिहिले होते : "प्रमाणन म्हणजे हिशेबातील नोंदी तपासणे. सत्यापन म्हणजे मालमत्ता व देणी तपासणे. मूल्यांकन म्हणजे मालमत्तेची किंमत ठरवणे. प्रमाणन हा अंकेक्षणाचा कणा आहे. सत्यापन वर्षाच्या शेवटी करतात." यातले एकही वाक्य पूर्णपणे टाकाऊ नाही, पण परीक्षकाला गुण द्यायला जागा सापडत नाही. प्रमाणनाबद्दल महत्त्व सांगितले आहे, सत्यापनाबद्दल वेळ सांगितली आहे आणि मूल्यांकनाबद्दल यांपैकी काहीच नाही. एकाच निकषावर दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या तरच फरकाचा एक मुद्दा पूर्ण होतो. "सत्यापन वर्षाच्या शेवटी करतात" याला अर्धा गुण मिळाला, कारण प्रमाणन वर्षभरातील व्यवहारांचे असते हे लिहायचे राहून गेले. शिवाय मूल्यांकन कोण करतो, हे तिच्या वाक्यातून चुकीचे सूचित होत होते. त्याकडे पुढे येते.

व्याख्या बाजूला ठेवून मी तिला एकच मालमत्ता दिली आणि तीच तिन्ही पायऱ्यांवरून न्यायला सांगितली. एका कंपनीने 1 ऑक्टोबरला यंत्र घेतले. बीजकातील किंमत 8,40,000 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 1,51,200 रुपये, वाहतूक 35,000 रुपये आणि उभारणीचा खर्च 25,000 रुपये. कंपनीने जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट घेतले आहे. हिशेबाचे वर्ष 31 मार्चला संपते.

मी विचारले, "आधी प्रमाणन कर. तू काय काय बघशील?" ती म्हणाली, "बीजक बघेन, मॅडम." बीजकात नेमके काय बघायचे, हे तिला एकेक करून आठवावे लागले : बीजक कंपनीच्याच नावाचे आहे का, तारीख याच वर्षातली आहे का, खरेदीला अधिकृत मंजुरी होती का, माल आल्याची नोंद आहे का, आणि रक्कम योग्य खात्यात गेली आहे का. शेवटच्या मुद्द्यावर ती थांबली, कारण वाहतूक आणि उभारणी हे तिने नफा-तोटा पत्रकाचे खर्च धरले होते. यंत्र वापरण्याजोगे करण्यासाठी आलेला खर्च यंत्राच्याच किमतीत जातो. क्रेडिट घेतलेला जीएसटी मात्र त्यात जात नाही. म्हणून यंत्राच्या खात्यात 9,00,000 रुपये दिसायला हवेत. प्रमाणन म्हणजे केवळ कागद जुळवणे नव्हे, व्यवहाराचा खरेपणा, अधिकृतता आणि वर्गीकरण तपासणे आहे, हे लिहिणाऱ्याला अर्थाचा पूर्ण गुण मिळतो.

मग मी तिला विचारले, "समज, सगळी प्रमाणके चोख आहेत. एवढ्यावरून 31 मार्चला यंत्र कंपनीकडे आहे असे म्हणता येईल का?" तिला लगेच होकार द्यायचा होता. मी पुढे म्हटले, "आणि फेब्रुवारीत ते विकले गेले असेल, पण विक्रीची नोंदच केली नसेल तर?" ऑक्टोबरचे बीजक तेव्हाही तितकेच खरे असते आणि त्याचे प्रमाणन तितकेच चोख. व्यवहार झाला होता एवढेच ते सांगते. ताळेबंदाच्या तारखेला मालमत्ता अस्तित्वात आहे का, ती कंपनीच्या मालकीची आहे का, तिच्यावर बँकेचा बोजा आहे का आणि तो ताळेबंदात नीट दाखवला आहे का, या प्रश्नांसाठी सत्यापन लागते. त्याचा पुरावाही वेगळा असतो : कारखान्यात जाऊन यंत्र आणि त्यावरचा क्रमांक पाहणे, स्थिर मालमत्ता नोंदवहीशी तो जुळवणे, कर्जाचा करारनामा वाचणे, बोजाची नोंदणी पाहणे.

पायरी कोणतीही असो, ती पूर्ण झाल्यावर काय सिद्ध होत नाही हे ज्याला सांगता येते, त्याला फरक लिहिता येतो. पाठ केलेल्या व्याख्या प्रत्येक पायरी काय करते तेवढेच सांगतात आणि तिथेच एकमेकींत मिसळतात.

आता यंत्र सापडले, मालकी कंपनीची निघाली, बोजाही उघड केलेला आहे. तरीही ताळेबंदात 9,00,000 हाच आकडा राहिला तर तो चूक आहे. कंपनी कायदा 2013 च्या अनुसूची 2 मध्ये सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे उपयुक्त आयुष्य 15 वर्षे दिले आहे. अवशिष्ट मूल्य 5 टक्के, म्हणजे 45,000 रुपये धरले, तर सरळ रेषा पद्धतीने 8,55,000 रुपये 15 वर्षांत विभागून वर्षाचा घसारा 57,000 रुपये येतो आणि सहा महिन्यांचा 28,500. ताळेबंदातील मूल्य 8,71,500 रुपये. हा मूल्यांकनाचा प्रश्न झाला.

पण हे मूल्य ठरवण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असते. ठरवलेला आधार योग्य आहे का, मागील वर्षाशी सुसंगत आहे का, हिशेब बरोबर आहे का, हे अंकेक्षक तपासतो. जमीन, इमारत किंवा हिऱ्यांसारख्या मालाच्या बाबतीत तो तज्ज्ञाच्या कामाचा आधार घेऊ शकतो. त्यामुळे त्याचे मत देण्याचे दायित्व कमी होत नाही, पण तो स्वतः मूल्यनिर्धारक बनत नाही. "अंकेक्षक मालमत्तेची किंमत ठरवतो" हे वाक्य उत्तरात दिसले की मी त्या मुद्द्याला गुण देत नाही, आणि यात मला कठोर असणे योग्य वाटते.

राहिला पुस्तकातल्या वाक्याचा प्रश्न. ते वाक्य बरोबर आहे. व्यापक अर्थाने सत्यापनात अस्तित्व, मालकी, ताबा, बोजा, मूल्य आणि मांडणी हे सगळे येते, म्हणून मूल्यांकनाशिवाय सत्यापन अपुरे राहते. विद्यार्थी या वाक्याला घाबरून ते लिहितच नाहीत. उलट उत्तराची सुरुवातच त्याने करावी : "मूल्यांकन हा सत्यापनाचा एक घटक आहे, तथापि सत्यापनाचे इतर घटक मालमत्ता आहे का आणि कोणाची आहे हे पाहतात, तर मूल्यांकन ती किती रकमेला दाखवावी हे पाहते." हे वाक्य आले की परीक्षकाला समजते की संबंध आणि फरक दोन्ही विद्यार्थ्याच्या लक्षात आहेत.

गुणांची विभागणी विद्यापीठानुसार आणि प्रश्नाच्या शब्दांनुसार बदलते. मी स्वतः तपासताना पाच गुणांच्या "फरक स्पष्ट करा" या प्रश्नात दोन्ही संकल्पनांच्या अर्थाला मिळून एक गुण, समान निकषांवरील तीन पूर्ण मुद्द्यांना तीन आणि उदाहरणाला एक गुण देते. निकष कोणते घ्यायचे हेही ठरलेले असावे. तपासणीचा विषय : व्यवहाराची नोंद की ताळेबंदातील शिल्लक. काळ : वर्षभरातील व्यवहार की वर्षअखेरची स्थिती. पुरावा : बीजक, पावती, करार की प्रत्यक्ष पाहणी, मालकीचे दस्तऐवज आणि बाहेरच्यांकडून आलेली पुष्टी. "प्रमाणन कनिष्ठ कर्मचारी करतात, सत्यापन वरिष्ठ करतात" हा मुद्दा अनेक पुस्तकांत आहे आणि त्याला गुण मिळतातही, पण तो कामाच्या प्रथेचा मुद्दा आहे, तत्त्वाचा नाही, म्हणून तो शेवटी ठेवावा. दोन गुणांच्या प्रश्नात अर्थाचे एक वाक्य आणि उदाहरणाचे एक वाक्य पुरते. तिथे महत्त्व आणि उद्दिष्टे लिहिण्यात वेळ घालवू नये.

न्यायनिर्णय लिहायचा असेल तर तो योग्य ठिकाणी लिहावा. लंडन ऑइल स्टोरेज कंपनीच्या 1904 च्या खटल्यात कंपनीच्या हिशेबवहीत 796 पौंड रोख दिसत होती आणि हातात सुमारे 30 पौंडच होते. अंकेक्षकाने प्रत्यक्ष रोख मोजली नव्हती, म्हणून त्याला निष्काळजी ठरवले गेले. हा सत्यापनाचा निर्णय आहे. विद्यार्थी तो प्रमाणनाखाली लिहितात आणि गुण जातो. 1896 चा किंग्स्टन कॉटन मिलचा निर्णय मालसाठ्याच्या फुगवलेल्या आकड्यांविषयी आहे. तिथे व्यवस्थापकाच्या प्रमाणपत्रावर विसंबलेल्या अंकेक्षकांना जबाबदार धरले नाही. तो लिहिताना पुढे एक वाक्य जोडावे : आजच्या अंकेक्षण मानक 501 प्रमाणे मालसाठा महत्त्वाचा असेल तर, अव्यवहार्य नसल्यास, प्रत्यक्ष मोजणीच्या वेळी अंकेक्षकाने उपस्थित राहायचे असते. केवळ जुना निर्णय लिहून थांबल्यास आजही प्रमाणपत्र पुरेसे आहे असा अर्थ निघतो.

त्या विद्यार्थिनीने यंत्राचे उदाहरण वापरून तेच उत्तर पुन्हा लिहिले तेव्हा ते पानभरापेक्षा लहान झाले. पुढच्या चाचणीत प्रश्न ऋणकोंचा आला आणि ती थोडी गोंधळली, कारण ऋणको हातात धरून बघता येत नाहीत. तिथेही तोच धागा लागतो. विक्रीची बिले तपासली की उधारी निर्माण झाली होती हे कळते. ऋणकोंना पत्र पाठवून त्यांच्याकडून थेट पुष्टी मागवली की 31 मार्चला ती बाकी खरोखर आहे हे कळते. अंकेक्षण मानक 505 याच पुष्टीविषयी आहे. पण "होय, आम्ही 2,00,000 रुपये देणे लागतो" असे उत्तर आले तरी ते पैसे वसूल होतील असे त्यातून ठरत नाही. त्यासाठी बाकी किती महिन्यांची आहे, एप्रिल-मे महिन्यांत त्यातले किती आले, आणि संशयित कर्जाची तरतूद पुरेशी आहे का, हे बघावे लागते. तिने ऋणकोंच्या सत्यापनाखाली पुष्टीपत्र लिहिले, मूल्यांकनाखाली तरतूद लिहिली, आणि दोन्हींच्या मध्ये एक वाक्य घातले : "पुष्टीपत्रामुळे बाकीचे अस्तित्व सिद्ध होते, वसुलीची शक्यता सिद्ध होत नाही." त्या वाक्याला मी पूर्ण गुण दिला.