जास्त झालेल्या गिऱ्हाइकाला पुढचा पेग नाकारताना

प्रश्न: परमिट रूममध्ये नुकताच कॅप्टन म्हणून लागलोय. एखाद्याला जास्त झाली आणि तो आणखी मागत आरडाओरडा करायला लागला, तर भांडण न होता कसं सांभाळायचं?

मी नाशिकला परमिट रूममध्ये आधी वेटर आणि मग कॅप्टन म्हणून चौदा वर्षं काढली. माझा अनुभव असा, की 'नाही' म्हटल्यामुळे माणूस क्वचितच भडकतो. तो भडकतो चार मित्रांसमोर 'नाही' ऐकावं लागल्यामुळे. म्हणून नकार द्यायचा, पण त्याची इज्जत जाणार नाही अशा जागी आणि अशा शब्दांत.

एका शनिवारचं सांगतो. साडेआठला चौघं आले. दहा वाजेपर्यंत त्यातल्या एकाचे चार लार्ज झाले होते, म्हणजे 240 मिली, क्वार्टरपेक्षाही जास्त. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं आणि तेवढं उतरवायला शरीराला तासभर तरी लागतो. याच्या पोटात असे आठ पेग होते. शेवटचा घोट घेतल्यावरही अर्धा-पाऊण तास नशा चढतच राहते, त्यामुळे बोलणं अडखळेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. माझं लक्ष गेलं ते त्याने सोडा ग्लासाऐवजी टेबलावर ओतला तेव्हा. मग एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगताना त्याने वेटरचं मनगट धरलं.

बारवाल्याला मी हळूच सांगितलं, या टेबलाची ऑर्डर माझ्याशिवाय सोडायची नाही. पाण्याचा जग आणि गरम जेवण पाठवलं. जेवणाने चढलेली उतरत नाही, लिंबूपाण्याने किंवा कॉफीनेही नाही, पण हात गुंततात आणि आपल्याला वेळ मिळतो. चौघांपैकी एक जण एकाच बिअरवर बसला होता. तो हात धुवायला उठला तेव्हा बेसिनपाशी त्याला गाठलं. "दादा, तुमच्या मित्राला आता मला देता येणार नाही. तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. बिल तुमच्याकडेच देतो." हे काम बहुतेक वेळा मित्रच करतो. तो शोधायला पाच मिनिटं लागली तरी चालतील.

त्या दिवशी तेवढ्यावर भागलं नाही. तो उठून टेबल बडवत ओरडू लागला, "फुकट पितोय का?" मी दीड हात लांब, जरा तिरका उभा राहिलो, दोन्ही हात समोर, उघडे. त्याच्या आणि दाराच्या मधे उभं राहायचं नाही, त्याला बाहेर पडायची वाट मोकळी हवी. दोन वेटर धावत येत होते, त्यांना नजरेनेच थांबवलं. बोलायचं एकाने, दुसऱ्याने लांबून लक्ष ठेवायचं. तेवढ्यात पोऱ्याने प्लेटा उचलता उचलता रिकाम्या बाटल्या, ग्लास, काटे-सुऱ्या टेबलावरून काढून नेल्या. हे फार महत्त्वाचं आहे.

मी म्हणालो, "साहेब, आज मला आणखी देता येणार नाही. जेवण गरम आहे, बसा." 'तुम्हाला चढलीय' हे वाक्य कधीच काढू नका, कारण मग वाद त्याच्या शुद्धीवर सुरू होतो आणि तो तुम्ही जिंकू शकत नाही. तो ओरडला की मी गप्प राहायचो, थांबला की तेच वाक्य त्याच आवाजात म्हणायचो. तिसऱ्या वेळी मित्राने खांद्यावर हात ठेवला आणि तो बसला.

हात लावायचा तो मित्राने, आपण नाही. सुरुवातीच्या काळात मी एकाला दंडाला धरून उठवायला गेलो. त्याने झटका दिला, तोल जाऊन काचेवर पडला आणि हाताला सात टाके पडले. ती चूक माझी होती. अजूनही ते आठवलं की वाईट वाटतं.

गाडीची किल्लीही मित्राकरवीच मागायची, हिसकायची नाही. 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गाडी चालवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याचं कलम 185 लागतं, आणि चार लार्जवाला त्याच्या कितीतरी वर असतो. मी रिक्षा बोलावली आणि ते बसेपर्यंत बाहेर थांबलो.

समजावणं कुठे थांबवायचं हेही ठरवून ठेवा. कुणी हातात बाटली घेतली, मारलं किंवा बाईमाणसाला त्रास दिला, तर आधी बाकीच्या गिऱ्हाइकांना लांब न्या आणि 112 लावा. नंतर कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसलं जायच्या आत बाजूला काढून ठेवा.

आणि कोणी टेबलावर डोकं ठेवून झोपला तर 'झोपू दे' म्हणून सोडू नका. हलवून, हाक मारून उठत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत असेल, तर कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, आणि 108 ला फोन करा. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एक जण त्याच्यापाशीच बसवा.