पाण्याची बाटली

प्रिय,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा वेळापत्रकाचा फोटोही पाहिला. पहाटे पाचला उठणं, आठपर्यंत राज्यघटना, मग व्यायाम, मग इतिहास, सगळं रंगीत पेनांनी आखलेलं. जूनपासूनचं हे सहावं, असं तूच लिहिलं आहेस. पण मी अडखळलो ते तुझ्या शेवटच्या ओळीवर: "आखतानाच मनात आलं, बघू किती दिवस टिकतं."

पाच वेळा उधारी बुडवलेलं गिऱ्हाईक सहाव्यांदा "या महिन्यात सगळं चुकतं करते" म्हणालं, तर वाणी काय करेल? वही मिटेल. तुझं मन तेच करतंय, आणि त्याचं काही चुकत नाही. त्याला आता मोठी रक्कम सांगू नकोस. रोख दे, अगदी दोन रुपये असले तरी.

म्हणून स्वतःला द्यायचा पहिला शब्द अभ्यासाचा नको. रात्री दात घासून झाले की पाण्याची बाटली भरून टेबलावर ठेवायची, एवढाच. हसू नकोस. "रोज एक पान वाचीन" हेही लहानच आहे, पण एक पान वाचलंस की लगेच सगळा अभ्यासक्रम डोळ्यांपुढे येतो आणि मन म्हणतं, एका पानानं काय होणार? बाटलीशी असा वाद घालता येत नाही. तिच्यावर तुझी परीक्षा अवलंबून नाही, त्यामुळे तपासला जातो तो फक्त तुझा शब्द. शिवाय ती तापातही भरता येते, भांडण झालेल्या रात्रीही, आणि त्यासाठी कुणाची वाट पाहावी लागत नाही.

"दात घासून झाले की" हे शब्द गाळू नकोस. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने 1999 साली मांडलं होतं की नुसत्या "मी करीन"पेक्षा "अमुक झालं की तमुक करीन" असं ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. मात्र ज्या कामाला शब्द टांगायचा, ती खुंटी रोजची हवी. मी एकदा संध्याकाळी फिरून आल्यावर डायरीत एक ओळ लिहायचं ठरवलं होतं. पाऊस लागला, फिरणं थांबलं, डायरीही थांबली. मी आठवडाभर स्वतःला आळशी म्हणत बसलो, चूक खुंटीची होती. पुढे जेवणाचं ताट मोरीत ठेवलं की लिहायचं असं केलं, तेव्हा जमलं.

पाचव्या-सहाव्या दिवशी तुला हा पोरखेळ वाटेल आणि "बाटली आणि दहा प्रश्न" असं म्हणावंसं वाटेल. तिथेच सांभाळ. दहा काय, शंभर प्रश्न सोडव, पण त्यांचा शब्द देऊ नकोस. तीन आठवडे शब्द बाटलीचाच. माझ्या पाहण्यातले बहुतेक संकल्प आळसानं नाही, असे उत्साहात वाढवल्यानं मोडले.

बाटली भरली की त्या तारखेपुढे खूण कर. एखादी रात्र चुकेलच. समजा नवव्या रात्री मैत्रिणीच्या खोलीवर झोपलीस. त्या तारखेची जागा कोरी ठेव. सकाळी बाटली भरून खूण करायची नाही, दुसऱ्या रात्री दोन भरून थकबाकीही फेडायची नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. सवय अंगवळणी पडायला माणसागणिक 18 ते 254 दिवस लागतील असा त्यांचा अंदाज होता, तेव्हा 21 दिवसांत सवय लागते हे गणितही सोडून दे. सलग दोन-तीन जागा कोऱ्या राहिल्या, तर मात्र खुंटी बदल.

फरक पडतोय हे खुणा मोजून कळणार नाही. कुणी काही मागितलं की तू पूर्वीसारखं पटकन "हो, करते" न म्हणता क्षणभर थांबशील, कधी "नाही जमणार" म्हणशील. शब्दाला किंमत आली की माणूस तो जपून देतो. तेव्हा पुढचा शब्द दे: बाटली टेबलावर ठेवली की राज्यघटनेचं एक पान.

यानं अभ्यासक्रम संपणार नाही, ते काम वेगळं आहे. तोवर जमेल तसा अभ्यास कर, शपथा न घेता. आणि दोन आठवडे झोप उडालेली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, उठून बाटली भरणंही डोंगराएवढं वाटत असेल, तर तो प्रश्न संकल्पाचा नाही. मग मला नव्हे, डॉक्टरांना सांग.

वेळापत्रक फाडू नकोस. कागद चांगला जाड दिसतोय, मागची बाजू कोरी असेल. तिच्यावर आजपासूनच्या 21 तारखा लिही. दिवसांचं गणित सोड म्हणालो आणि पुन्हा 21च, पण तीन आठवडे तेवढेच होतात.

तुझा,
सर