गावच्या घराचे कॅमेरे आणि सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड

प्रश्न: गुहागरजवळच्या आमच्या जुन्या घराला तीन कॅमेरे आहेत. आम्ही चार भावंडे मुंबई-पुण्याला असतो आणि सगळे एकाच खात्याचा पासवर्ड वापरतो. घर सांभाळणारे गृहस्थ आता काम सोडून गेले आहेत आणि तो पासवर्ड त्यांच्याकडेही आहे. पासवर्ड बदलला म्हणजे झाले का?

उत्तर:

नाही, तेवढ्याने काम होत नाही. मी रत्नागिरी जिल्ह्यात कॅमेरे आणि वायफाय बसवण्याचे काम करतो आणि चाकरमान्यांच्या घरांत ही अडचण मला वारंवार दिसते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅमेऱ्याचे अ‍ॅप पासवर्ड विचारते ते पहिल्यांदा प्रवेश करताना. त्यानंतर त्या फोनमध्ये एक टोकन, म्हणजे प्रवेशाची डिजिटल खूण, साठवले जाते आणि पुढच्या प्रत्येक वेळी अ‍ॅप ते टोकन दाखवूनच आत जाते. पासवर्ड बदलल्यावर जुनी टोकन आपोआप रद्द व्हावीत हे खरे, पण ती कधी आणि कशी रद्द करायची हे त्या कंपनीच्या व्यवस्थेवर अवलंबून असते. 2018 मध्ये रिंग या अमेरिकन कंपनीच्या दारावरच्या कॅमेऱ्यांबाबत नेमका हाच दोष उघडकीस आला होता. मालकाने पासवर्ड बदलल्यावरही आधीच प्रवेश केलेल्या फोनवर चित्र दिसत राहत होते. म्हणून पासवर्ड बदलल्यावर लगेच, त्याच बैठकीत, खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन प्रवेश केलेल्या उपकरणांची यादी उघडावी आणि सर्व उपकरणांवरून बाहेर पडण्याचा पर्याय निवडावा. ही यादी वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मोबाइल डेटावर चालणाऱ्या फोनचे ठिकाण तेथे पुष्कळदा चुकीचे दिसते. गुहागरात बसलेल्या माणसाचा फोन मुंबईत असल्याचे दाखवले जाते, कारण मोबाइल कंपनीचे इंटरनेट मोठ्या शहरातून बाहेर पडते. त्यामुळे गावाच्या नावावरून कोणाविषयी निष्कर्ष काढू नका. फोनचे मॉडेल आणि शेवटच्या प्रवेशाची वेळ पाहा.

मात्र या सगळ्याच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: खाते मुळात कोणाच्या ईमेलवर किंवा मोबाइल क्रमांकावर उघडलेले आहे? कॅमेरा ज्या खात्यात प्रथम जोडला जातो ते खाते त्याचे मालक ठरते आणि बाकीचे त्याचे पाहुणे. आमच्या भागात घरी कोणीच नसताना तालुक्याहून आलेला माणूस घाईत स्वतःच्याच क्रमांकावर खाते उघडतो, काम उरकतो आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतो. त्याचा हेतू वाईट असतो असे नाही, पण मालकी त्याच्याकडेच राहते. अमेरिकेत डॅलस परिसरात एडीटी कंपनीच्या एका तंत्रज्ञाने ग्राहकांच्या खात्यांत स्वतःचा ईमेल जोडून ठेवला होता आणि त्या वाटेने काही वर्षे त्यांच्या घरांतील चित्र 9,600 हून अधिक वेळा पाहिले. त्याला 2021 मध्ये 52 महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. तेव्हा खात्याच्या प्रोफाइलमध्ये परका ईमेल किंवा क्रमांक दिसला, तर त्या माणसाला त्याच्या खात्यातून कॅमेरे काढून टाकायला सांगा आणि मगच ते आपल्या खात्यात नव्याने जोडा. नुसते रिसेटचे बटण दाबून भागेलच असे नाही. अनेक कंपन्यांचे कॅमेरे रिसेटनंतरही जुन्या खात्याशी बांधलेले राहतात आणि नवीन खात्यात जोडू लागलात की हा कॅमेरा दुसऱ्या खात्यात आहे असा संदेश येतो. तोच संदेश मालकी दुसऱ्याकडे असल्याची खूण समजावी.

आता तुमच्यासारख्याच घराचा विचार करू. समजा, एक कॅमेरा बेड्यावर म्हणजे कुंपणाच्या फाटकावर, एक पडवीत आणि एक माजघरात आहे. चार भावंडांपैकी सर्वांत मोठे दादा मालक राहतील. त्यांच्या ईमेलचा पासवर्ड प्रथम बदलावा, कारण कॅमेऱ्याच्या खात्याचा पासवर्ड विसरल्याची लिंक तेथेच येते आणि ईमेल उघडा असेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. नंतर कॅमेऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बदलावा, सर्व उपकरणांना बाहेर काढावे आणि मग दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी. हा क्रम मोडू नये. पडताळणी आधी चालू केली आणि बाहेर काढायचे राहिले, तर आत बसलेला माणूस आतच राहतो, कारण दुसऱ्या टप्प्याचा कोड नव्याने प्रवेश करणाऱ्यालाच विचारला जातो. काही अ‍ॅपमध्ये विश्वासू उपकरणांची वेगळी यादी असते आणि त्यातील फोनला तर कोड मुळीच विचारला जात नाही. तीही रिकामी करावी.

दुसरा टप्पा एसएमएसवर ठेवावा की कोड देणाऱ्या अ‍ॅपवर, यात कोकणापुरते माझे मत स्पष्ट आहे: खात्यात सोय असेल तर अ‍ॅपच घ्या. पावसाळ्यात वीज गेली की टॉवरही बंद पडतो, खाडीकाठच्या वाड्यांत रेंज एरवीही जेमतेम असते आणि तेवढ्यात एसएमएसच्या कोडची मुदत संपते. अ‍ॅपमधला कोड दर 30 सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. फक्त फोनचे घड्याळ आपोआप जुळण्यावर ठेवलेले असावे, नाहीतर बरोबर दिसणारा कोडही नाकारला जातो. चालू करताना मिळणारे राखीव कोड कागदावर लिहून दादांच्या मुंबईच्या कपाटात ठेवावेत. ज्या घराची राखण करायची त्याच घराच्या फडताळात ते ठेवण्यात अर्थ नाही.

पडताळणी चालू केल्यावर बहुतेक कुटुंबांत काय होते ते सांगतो. दोनच दिवसांत बहिणीचा फोन येतो, "दादा, ओटीपी आलाय का बघ, मला कॅमेरा दिसत नाहीये," आणि दादा तो कोड कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकतात. तेथे पडताळणीचा अर्थ संपतो. तुमच्या प्रश्नाचे मूळ इथेच आहे: पासवर्ड सगळ्यांचा मिळून एकच असेल, तर त्यातून एका माणसाला काढण्याची सोयच राहत नाही. म्हणून दादांचे खाते फक्त दादांनी वापरावे. बाकीच्यांनी आपापल्या ईमेलवर स्वतंत्र खाते उघडावे, तेथेही दोन टप्पे चालू करावेत आणि दादांनी अ‍ॅपमधून त्यांना आमंत्रण पाठवावे. मग कोणाला कोणाकडे कोड मागावा लागत नाही आणि एकाला काढताना बाकीच्यांना धक्का लागत नाही.

आमंत्रण पाठवताना अधिकार विचारपूर्वक द्यावेत. पुण्याच्या बहिणीला, अ‍ॅपमध्ये सोय असेल तर, व्यवस्थापकाचा अधिकार द्यावा, म्हणजे दादा आजारी पडले किंवा त्यांचा फोन हरवला तरी कारभार अडणार नाही. इतर दोघांना थेट चित्र आणि आधीचे चित्रण पाहता आले म्हणजे पुरे. चित्रण पुसणे, सेटिंग बदलणे आणि नवीन माणूस जोडणे हे अधिकार त्यांना लागत नाहीत. घर सांभाळायला जे नवीन गृहस्थ येतील, त्यांना फक्त बेड्यावरच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र द्यावे. बेडे उघडे राहिले का आणि आत गुरे शिरली का, एवढेच त्यांना पाहायचे असते. गणपतीला आणि शिमग्याला घर माणसांनी भरते, माजघरात बायका-मुले झोपतात, तेव्हा आतला कॅमेरा बाहेरच्या माणसाला तर नकोच, पण माझ्या मते त्या दिवसांत तो प्रायव्हसी मोडवर टाकावा किंवा त्याचा प्लग काढून ठेवावा. काही अ‍ॅपमध्ये कॅमेरा-कॅमेऱ्याने अधिकार देता येत नाहीत. माणूस एकदा 'घर' या गटात आला की त्याला सगळेच दिसते. अशा वेळी अ‍ॅपमध्ये दोन घरे करावीत, बाहेरचे कॅमेरे एकात आणि आतला दुसऱ्यात, आणि आमंत्रण फक्त पहिल्याचे पाठवावे.

तुमच्या आधीच्या गृहस्थांना पूर्वी कधी त्यांच्या स्वतःच्या खात्यावर आमंत्रण दिले असेल, तर ते पासवर्ड बदलल्याने जात नाही. वाटपाच्या यादीतून त्यांचे नाव वेगळे काढावे लागते, आणि ही यादी प्रत्येक कॅमेऱ्याची निराळी असू शकते. नंतर खात्री करा. त्यासाठी तुमच्याच एका जुन्या फोनवर, बदल सुरू करण्यापूर्वी, जुन्या पासवर्डने प्रवेश करून ठेवा. सर्व उपकरणांना बाहेर काढल्यावर त्या फोनवरचे अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा, कारण आधीपासून चालू असलेले थेट चित्र बंद करेपर्यंत कधीकधी तसेच चालू राहते. शेवटी शेजारच्या कोणाला तरी बेड्यासमोरून चालत जायला सांगा आणि हालचालीची सूचना त्या जुन्या फोनवर येते का ते पाहा. प्रवेश बंद झाला तरी सूचना, आणि तिच्यासोबतचा फोटो, पोहोचत राहिल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. तसे झाल्यास कंपनीच्या ग्राहक सेवेला लेखी कळवण्यावाचून गत्यंतर नाही.

घरात रेकॉर्डरची पेटी असेल, तर तिचा `admin` पासवर्ड अ‍ॅपच्या खात्यापेक्षा वेगळा असतो; तो पेटीला मॉनिटर लावून बदलावा. वायफायचा पासवर्डही बदलायला हवा, पण तो मुंबईत बसून बदलू नका. तसे केल्यास तिन्ही कॅमेरे एकदम बंद पडतील आणि प्रत्येकाशेजारी उभे राहून ते पुन्हा जोडावे लागतील. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा, परतण्याच्या दिवशी नव्हे तर पोहोचल्या दिवशी, हे काम करा.

मालकाच्या मोबाइल क्रमांकाचाही विचार करून ठेवा. कित्येक घरांत खाते वडिलांच्या क्रमांकावर असते. ते गेल्यावर कोणी रिचार्ज करत नाही, क्रमांक बंद पडतो आणि काही काळाने कंपनी तोच क्रमांक दुसऱ्या ग्राहकाला देते. त्यानंतर खात्याचा कोड त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतो. क्रमांक चालू असतानाच खाते दुसऱ्याच्या ईमेलवर वळवणे सोपे असते, नंतर ते फार जिकिरीचे होते.

त्या गृहस्थांनी आधी फोनमध्ये उतरवून घेतलेले चित्रण यातील कोणत्याही उपायाने परत घेता येत नाही, हे मात्र मान्य करावे लागेल. नाव काढण्यापूर्वी त्यांना एक फोन करून आपण त्यांचा प्रवेश बंद करत आहोत हे सांगावे असे मला वाटते. त्यांनी तुमचे घर सांभाळले आहे, आणि अचानक अ‍ॅप बंद झालेले पाहून आपल्यावर आळ घेतला असे त्यांना वाटणे बरे नव्हे. भाऊबंदकीतून एखाद्या हिस्सेदाराला काढायचे असेल, तर ते बटण मीही कोणाच्या सांगण्यावरून दाबत नाही. सामायिक घरात कोणी काय पाहावे, हे आधी सगळ्या हिस्सेदारांनी बसून ठरवावे.