नवरात्रातल्या वाढीचं श्रेय जाहिरातीला किती द्यायचं?

प्रश्न: बडोद्यात आमचं चणियाचोळीचं दुकान आहे, ऑनलाइनही विकतो. 1 सप्टेंबर 2025 ला एजन्सीने बडोदा, आणंद आणि भडोचसाठीचं गूगल कॅम्पेन पूर्ण बदललं. सुरत, राजकोट, भावनगरला जुनंच चालू ठेवलं. आधीच्या चार आठवड्यांत बदललेल्या शहरांतून 200 ऑर्डर होत्या, नंतरच्या चार आठवड्यांत 340 झाल्या. न बदललेल्या शहरांत 120 च्या 186 झाल्या. एजन्सी म्हणते 70 टक्के वाढ आमची, फी वाढवा. मागच्या वर्षीच्या याच तारखांशी ताडून पाहिलं तर कळेल का?

उत्तर:

मागच्या वर्षीच्या तारखा बाजूला ठेवा. 2024 मध्ये घटस्थापना 3 ऑक्टोबरला होती, 2025 मध्ये 22 सप्टेंबरला. म्हणजे 1 ते 28 सप्टेंबर या तुमच्या चार आठवड्यांत यंदा गरब्याचा पहिला आठवडा येतो, मागच्या वर्षी त्या आठवड्याच्या तारखांना पितृपक्ष चालू होता. इंग्रजी तारखेला तारीख लावून मिळालेली वाढ ही बरीचशी पंचांगाची असेल.

तुमच्या हातात याहून चांगली गोष्ट आहे: सुरत, राजकोट, भावनगर. नवरात्र तिथेही त्याच दिवशी आलं, जाहिरात मात्र जुनीच होती. तिथे 120 च्या 186 झाल्या, म्हणजे 1.55 पट. कॅम्पेन बदललं नसतं तर बडोद्याकडच्या 200 ऑर्डरही साधारण तेवढ्याच पटीने वाढल्या असत्या असं धरलं, तर 310 झाल्या असत्या. झाल्या 340. कॅम्पेनच्या खात्यावर लिहिता येतील अशा ऑर्डर 30, म्हणजे सुमारे 10 टक्के. बाकीची वाढ अंबामातेची.

इथे वजाबाकी नको, पट घ्या. इकडे 140 वाढल्या, तिकडे 66, म्हणून फरक 74, असा हिशेब एजन्सी नक्की मांडेल. पण बडोद्याकडच्या ऑर्डर मुळातच जास्त होत्या, तेव्हा सणाने त्या आकड्याने जास्तच वाढणार. शीटमध्ये बदललेल्या शहरांचे आधीचे आणि नंतरचे आकडे B2, B3 मध्ये आणि न बदललेल्यांचे C2, C3 मध्ये ठेवा:

```
=(B3/B2)/(C3/C2)
=SQRT(1/B2+1/B3+1/C2+1/C3)
```

पहिल्या ओळीचं उत्तर 1.097 येतं, तेच आपले 10 टक्के. दुसरी ओळ सांगते की हा आकडा नुसत्या योगायोगाने किती हलू शकतो. ते उत्तर सुमारे 0.147 येतं. याच्या दुप्पट खाली-वर सोडलं (लॉगरिदमच्या मापात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसणार नाहीत), तर खरा परिणाम 18 टक्के घट ते 47 टक्के वाढ यात कुठेही असू शकतो. म्हणजे या आकड्यांवरून कॅम्पेन चाललं असंही म्हणता येत नाही आणि फसलं असंही नाही. त्यातून हा अंदाज उदार आहे. प्रत्येक ऑर्डर स्वतंत्र आली असं तो धरतो, आणि एखाद्या गरबा ग्रुपच्या वीस मैत्रिणींनी एकदम मागवलं की ते गृहीत मोडतं.

आता खरी अडचण. हा सगळा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे: जाहिरात बदलली नसती तर दोन्हीकडची वाढ सारख्याच पटीने झाली असती. तुमच्या धंद्यात ते तसं असेल का, याची मला शंका आहे. नवरात्राला दोन-तीन दिवस उरले की राजकोटची गिऱ्हाईक पार्सल वेळेवर येईल का म्हणून ऑर्डर देतच नाही. बडोद्यातल्या मुलीला माहीत असतं की आज मागवलं तर उद्या मिळेल, म्हणून ती शेवटच्या दिवसापर्यंत मागवते. हा फरक कुरिअरचा आहे, पण आपल्या हिशेबात तो कॅम्पेनच्या नावावर जमा होतो.

हे तपासायला जुनं वर्ष कामाला येतं, पण वेगळ्या रीतीने. तारखा नाही, घटस्थापनेपासूनचे दिवस जुळवा. यंदा बदल घटस्थापनेच्या 21 दिवस आधी झाला. जुन्या वर्षातही त्याच अंतरावर खोटा बदल झाला असं समजा आणि त्याच शहरांवर तेच गणित करा. तेव्हा काहीच बदललं नव्हतं, म्हणून उत्तर 1 च्या आसपास यायला हवं.

2024 मात्र घेऊ नका. 3 ऑक्टोबरपासून 21 दिवस मागे गेलात तर 12 सप्टेंबर येतो आणि त्याच्या आधीचे चार आठवडे 15 ऑगस्ट ते 11 सप्टेंबर. त्याच काळात, ऑगस्टच्या शेवटी, विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं. बडोद्याचा 'आधी'चा आकडा तेव्हा पुराने खाली गेलेला असणार, मग 'नंतर'ची वाढ फुगून दिसणारच. 2023 घ्या. घटस्थापना 15 ऑक्टोबरला होती, तेव्हा 27 ऑगस्ट ते 23 सप्टेंबर 'आधी' आणि 24 सप्टेंबर ते 21 ऑक्टोबर 'नंतर'. समजा उत्तर 1.08 आलं. मग बडोदा दरवर्षीच काहीही न करता 8 टक्के पुढे सरकतं आणि यंदाच्या 1.097 ला 1.08 ने भागल्यावर हातात 2 टक्केसुद्धा उरत नाहीत. 1 च्या जवळ आलं तर 10 टक्क्यांचा अंदाज निदान सरळ उभा राहतो, जरी पट्टा रुंदच राहिला तरी.

घटस्थापनेआधीचे शेवटचे चार-पाच दिवस दोन्हीकडून वगळून एकदा मोजून बघा. 1.097 तेवढ्याने खाली आला तर कुरिअरचं कारण बहुतेक खरं.

आकडे कुठून घ्यायचे हेही सांगतो. ऑर्डर तुमच्या बिलांतून, डिलिव्हरीच्या पिनकोडप्रमाणे मोजा. गूगलच्या रिपोर्टमधले आकडे नकोत. जी बाई तशीही तुमच्याकडेच आली असती तिने वाटेत जाहिरातीवर क्लिक केलं की रिपोर्ट तिला स्वतःच्या खात्यात धरतो. शिवाय दोन्ही कॅम्पेनची लोकेशनची सेटिंग उघडून पाहा. तिथे `Presence or interest` असेल, तर बडोद्याबद्दल शोधणाऱ्या सुरतेच्या माणसालाही नवी जाहिरात दिसली असेल. तसं असेल तर तुमचा तुलनेचा गट स्वच्छ राहिलेला नाही. तो अर्धवट बदललेला आहे आणि परिणाम खरा असला तरी कमी दिसेल. उलट, एजन्सीने बडोद्याकडचं बजेट वाढवायला सुरतेचं कापलं असेल, तर सुरत त्यामुळे पडली आणि बडोदा उगाच चमकलं. त्या आठ आठवड्यांचा रोजचा खर्च शहरवार मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर फीचं बोलणं तिथेच थांबवा.

पुढच्या वेळी शहरं कोणती बदलायची हे एजन्सीने ठरवू नये, चिठ्ठ्या टाका. आपल्याला सोयीचं शहर जो तो निवडतोच. आणि बोलण्याआधी ऑर्डर किती लागतील ते पाहा. 20 टक्के परिणाम योगायोगापासून जेमतेम वेगळा दिसायला चारही रकान्यांत प्रत्येकी साधारण 480 ऑर्डर लागतात, 10 टक्क्यांसाठी पावणेदोन हजारांच्या वर. एवढ्या नसतील तर शहरं वाढवा. आठवडे वाढवू नका, कारण लांबवत गेलात की मध्ये दिवाळी येते.