डबे उशिरा पोहोचल्यावर माफीचा व्हिडिओ

प्रश्न: अंधेरीतील आमच्या डबासेवेचे जेवण सोमवारी ३ तास उशिरा पोहोचले. माफीच्या व्हिडिओत काय बोलावे?

उत्तर: 'उशीर झाला' असे न म्हणता कर्ता सांगा: 'सोमवारी दुपारी १ वाजताचे डबे आम्ही ४ वाजता पोहोचवले, कारण मार्गांची नवी यादी आम्ही न तपासताच वापरली, तुम्हाला उपाशी राहावे लागले, याबद्दल मी माफी मागतो.' 'गैरसोय झाली असल्यास' यातला 'असल्यास' ग्राहकाच्या भुकेवरच शंका घेतो, आणि पावसाची सबब, खरी असली तरी, मुंबईत कोणी ऐकून घेत नाही. 'पुन्हा असे कधीच होणार नाही' याऐवजी पडताळता येईल तेवढेच सांगा: 'त्या दिवसाचे पैसे शुक्रवारपर्यंत तुमच्या खात्यात जमा होतील.' मालकाने स्वतः, पार्श्वसंगीताशिवाय, मिनिटभरात बोलावे.